एका खोलीची हवा

सुरतेत उधना, लिंबायत, डिंडोली, पांडेसरा या भागांतून फिरले की मराठी आपसूक कानांवर पडते. धुळे, जळगाव, नंदुरबारकडून लूमवर कामाला आलेल्या माणसांची दुसरी-तिसरी पिढी आता इथे फ्लॅटमध्ये राहते. याच पट्ट्यात पांडेसऱ्याची औद्योगिक वसाहत आहे. तिथल्या डाईंग-प्रिंटिंगच्या मिलांना वाफ लागते, वाफेला बॉयलर लागतो आणि बॉयलरला बहुतेक ठिकाणी कोळसा किंवा लिग्नाइट. दिवाळी संपली की रात्री जमिनीलगतची हवा थंड होऊन खाली बसते, समुद्रावरून येणारा वारा मंदावतो आणि चिमण्यांचा, रस्त्यांचा, कचरा जाळण्याचा धूर पहाटेपर्यंत वस्तीवरच रेंगाळतो. पावसाळ्यात नैर्ऋत्येचा वारा आणि सरी हीच हवा धुऊन काढतात. म्हणून सुरतेत प्युरिफायरचा विचार करायचा तो मुख्यतः नोव्हेंबर ते फेब्रुवारी या चार महिन्यांचा.

बाहेरची हवा सुधारण्यासाठी या शहरात काही केलेच गेले नाही, असे नाही. धुरातील सूक्ष्म कणांसाठी जगातली पहिली उत्सर्जन-व्यापार योजना २०१९ मध्ये गुजरात प्रदूषण नियंत्रण मंडळाने इथेच सुरू केली. सुमारे ३०० कारखान्यांच्या चिमण्यांवर सतत मोजणारी यंत्रे बसली. त्यातल्या काहींना परवाने विकत घेण्या-विकण्याच्या बाजारात घालून, बाकीच्यांना जुन्याच नियमांखाली ठेवून, संशोधकांनी तुलना केली. बाजारातल्या कारखान्यांचे कणांचे उत्सर्जन २० ते ३० टक्क्यांनी कमी भरले. २०२४ च्या स्वच्छ वायू सर्वेक्षणात दहा लाखांवर वस्तीच्या शहरांत सुरत पहिली आली. हे सगळे खरे आहे आणि मोलाचेही आहे. पण डिंडोलीतल्या तिसऱ्या मजल्यावर दम्याचा मुलगा रात्री खोकतो, तेव्हा त्याच्या खोलीतली हवा आज कशी आहे एवढाच प्रश्न उरतो. हे प्रकरण त्या एका खोलीबद्दल आहे.

खोलीच म्हणतो आहे, फ्लॅट नव्हे. हॉलमध्ये यंत्र ठेवून दोन्ही बेडरूम स्वच्छ होतील, ही अपेक्षा पहिल्याच आठवड्यात फोल ठरते. दारातून हवा तेवढी फिरत नाही. माणूस रोज सर्वांत जास्त वेळ झोपण्याच्या खोलीत काढतो आणि तीच खोली बंद ठेवणे शक्य असते. म्हणून हिशेब तिथला मांडू. समजा खोली १० फूट बाय १२ फूट आहे आणि छत १० फुटांवर. आकारमान १,२०० घनफूट, म्हणजे ३४ घनमीटर. पुढचे सगळे या ३४ आकड्यावर उभे आहे, तेव्हा दुकानात जाण्याआधी आपल्या खोलीचा हा आकडा काढून ठेवावा. घनफुटांना ३५ ने भागले की घनमीटर मिळतात.

आता यंत्राकडे. आत असतो पंखा आणि त्याच्यापुढे फिल्टर, बाकी सगळी सजावट. फिल्टरमध्ये घ्यायचा तो हेपा. काचेच्या किंवा प्लास्टिकच्या अतिबारीक तंतूंचा हा घड्या घातलेला कागद असतो. लोकांना वाटते की तो चाळणीसारखा काम करतो आणि छिद्रापेक्षा बारीक कण निसटून जातो. प्रत्यक्षात मोठे कण वेगामुळे वळू न शकल्याने तंतूंवर आदळतात, आणि फार बारीक कण हवेच्या रेणूंचे धक्के खात इकडेतिकडे भरकटतात, त्यामुळे तेही कुठल्या ना कुठल्या तंतूला चिकटतात. पकडायला सर्वांत अवघड कण मधला असतो, साधारण ०.३ मायक्रॉनचा. म्हणून फिल्टरची परीक्षा त्याच आकारावर होते. अमेरिकी व्याख्येत हेपाने त्यातले ९९.९७ टक्के कण अडवायला हवेत. युरोपी मानकातला एच१३ त्याला अवघड जाणाऱ्या आकाराचे ९९.९५ टक्के कण अडवतो. त्याच मालिकेत खाली ई१२ येतो, ९९.५ टक्क्यांचा, आणि ई११, ९५ टक्क्यांचा.

विक्रेता एच१३ आणि ई१२ यांतल्या फरकावर बराच वेळ बोलेल. घरासाठी तो फरक फार मोठा नाही. शस्त्रक्रियेच्या खोलीत हवा फिल्टरमधून एकदाच जाऊन रुग्णावर येते, तिथे दशांशानंतरचे आकडे मोलाचे. घरात तीच हवा तासाला चार-पाच वेळा यंत्रातून जाते. ९५ टक्के पकडणारा पण भरपूर हवा ओढणारा फिल्टर, ९९.९७ टक्के पकडणाऱ्या पण कमी हवा ओढणाऱ्या फिल्टरपेक्षा खोली लवकर स्वच्छ करतो. मात्र ‘हेपासारखा’ किंवा ‘हेपा दर्जाचा’ एवढेच खोक्यावर लिहिले असेल आणि वर्ग कुठेच दिला नसेल, तर ते यंत्र बाजूला ठेवावे. ‘धुता येणारा हेपा’ असेल तर तेही. कागदी हेपा धुतला की घड्या बसतात, आणि ज्या तंतूंवर विजेचा भार ठेवून पकड वाढवलेली असते तो भार पाण्याने जातो.

आयन सोडणाऱ्या यंत्रांबद्दल माझे मत पक्के आहे: वेगळे बटण असेल तर ते बंद ठेवावे, बटण नसेल तर यंत्र घेऊ नये. अशी काही यंत्रे ओझोन तयार करतात आणि ओझोन दमेकऱ्याच्या श्वासनलिकेला थेट त्रास देतो. कॅलिफोर्नियात घरगुती यंत्रांसाठी ओझोनची कायदेशीर मर्यादा आहे, दहा लाखांत ०.०५ भाग. खोक्यावर त्या प्रमाणपत्राचा उल्लेख असेल तर चांगले.

राहिला वास. पांडेसरा-सचिनकडचा रसायनांचा दर्प, लिंबायतमधल्या मीठी खाडीचा वास, हे सगळे वायू आहेत, आणि वायू हेपामधून सरळ निघून जातात. त्यांच्यासाठी सक्रिय कोळसा लागतो आणि तो वजनाने लागतो. बहुतेक स्वस्त यंत्रांत काळ्या जाळीवर कोळशाची भुकटी चिकटवलेली असते, काही ग्रॅम. ती थोड्याच काळात भरते. हवा दमट असली की पाण्याची वाफही तीच जागा अडवते आणि भरलेला कोळसा कधी कधी धरलेला वास परत सोडतो. खरोखर वासासाठी यंत्र हवे असेल तर कोळशाचे वजन विचारावे. ते किलोत सांगता आले नाही, तर वासापुरती आशा सोडून फक्त कणांसाठी यंत्र घ्यावे आणि कोळशाच्या नावाखाली जास्त पैसे देऊ नयेत.

आता या खरेदीतला सर्वांत महत्त्वाचा आकडा, सीएडीआर. यंत्र तासाला किती घनमीटर स्वच्छ हवा देते, ते हा आकडा सांगतो. पंख्याचा जोर आणि फिल्टरची पकड दोन्ही त्यात आलेली असतात, म्हणून फिल्टरच्या वर्गापेक्षा यावर जास्त भरवसा ठेवता येतो. काही खोक्यांवर तो घनफूट प्रतिमिनिट या एककात असतो. त्याला १.७ ने गुणले की घनमीटर प्रतितास मिळतात. खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापलेला असतो तो मात्र वेगळा आकडा, ‘इतक्या चौरस फुटांसाठी’. लोक तोच वाचतात आणि तिथेच फसगत होते.

३५० सीएडीआरचे एक यंत्र घेऊ. चीनच्या राष्ट्रीय मानकात सीएडीआरला ०.०७ ते ०.१२ ने गुणून चौरस मीटर काढतात. कंपनी साहजिकच ०.१२ उचलते. उत्तर येते ४२ चौरस मीटर, म्हणजे सुमारे ४५० चौरस फूट, आणि खोक्यावर तेच छापले जाते. अमेरिकी उत्पादक संघटनेचा नियम वापरला तर, घनफूट प्रतिमिनिटातला सीएडीआर खोलीच्या चौरस फुटांच्या किमान दोन तृतीयांश हवा. त्या हिशेबाने हेच यंत्र सुमारे ३१० चौरस फुटांचे ठरते. यंत्र तेच, पण सुमारे एकशे चाळीस चौरस फूट नुसत्या नियमाच्या निवडीने कमी झाले. पहिल्या हिशेबात, छत आठ फूट धरले तर, खोलीतली हवा तासाला साडेतीन वेळा गाळली जाते. दुसऱ्यात जवळजवळ पाच वेळा. सुरतेतल्या फ्लॅटचे छत साडेनऊ-दहा फुटांवर असते, तेव्हा दोन्ही आकडे आणखी आकसतात.

तरीही सर्वांत मोठी काटछाट पुढेच आहे. सीएडीआर मोजतात तो पंखा पूर्ण वेगात असताना. पूर्ण वेगात यंत्राचा आवाज असा असतो की शेजारी झोपणे कठीण. त्यामुळे दोन-तीन रात्रींनंतर घरातले कोणीतरी उठून वेग कमी करते आणि पुढे यंत्र कायम त्याच वेगावर चालते. मधल्या वेगात साधारण निम्मा सीएडीआर धरावा. ‘स्लीप’ वेगात तो पाचव्या-सहाव्या हिश्शावरही येऊ शकतो. कंपन्या या वेगांचे आकडे क्वचितच देतात, पण तुमचा मुलगा श्वास घेतो तो याच वेगावर.

मग आपल्या ३४ घनमीटरच्या खोलीला किती हवे? हवा तासाला पाच वेळा गाळली जावी असे लक्ष्य धरू: ३४ गुणिले ५, म्हणजे १७०. हा आकडा सोसवेल अशा मधल्या वेगावर मिळायला हवा. म्हणून पूर्ण वेगाचा सीएडीआर ३४० ते ३५० असलेले यंत्र घ्यावे. म्हणजे १२० चौरस फुटांच्या खोलीसाठी खोक्यावर ‘४५० चौरस फूट’ लिहिलेले यंत्र. दुकानदार म्हणेल, एवढे मोठे कशाला. त्याला खोलीचे घनमीटर सांगावेत आणि मधल्या वेगाचा सीएडीआर विचारावा.

पाच वेळाच का, हे समजून घ्यायला बाहेरून आत शिरणारी हवाही मोजावी लागते. अॅल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या बंद असल्या तरी रुळांच्या फटींतून, दाराखालून हवा येतच राहते. बंद खोलीत तासाला एकदा सगळी हवा बदलते असे धरू. बाहेर पहाटे पीएम २.५ चे प्रमाण घनमीटरला १२० मायक्रोग्रॅम आहे असे समजा. भारतीय मानकाची २४ तासांची मर्यादा ६० आहे आणि जागतिक आरोग्य संघटनेची १५. यंत्र पाच वेळा गाळते आणि बाहेरची हवा एकदा शिरते, म्हणजे सहा हिश्शांतला एक हिस्सा बाहेरचा. आतला आकडा १२० भागिले ६, म्हणजे २० च्या आसपास स्थिरावतो. आता खिडकी वीतभर उघडी ठेवा. बाहेरची हवा तासाला सहज सहा वेळा शिरेल. मग अकरा हिश्शांतले सहा बाहेरचे, आणि आतला आकडा ६५. तेच यंत्र, तोच फिल्टर, तेच वीजबिल, पण हवा तिपटीने वाईट.

खिडकी बंद ठेवण्यालाही मर्यादा आहे. प्युरिफायर कार्बन डायऑक्साइड काढत नाही आणि ऑक्सिजन बनवत नाही. स्प्लिट एसीही तीच हवा फिरवतो. त्याची जाळी फक्त जाडी धूळ अडवते. फटी सीलबंद केलेल्या छोट्या खोलीत दोघे-तिघे झोपले तर सकाळी डोके जड होते. म्हणून फटी चिकटपट्टीने ठासून बुजवू नयेत. दुपारी ऊन तापले आणि समुद्राकडचा वारा सुटला की हवा वर उचलली जाते आणि पातळ होते. तासभर खिडक्या सताड उघडायला तीच वेळ. सकाळी उठल्याबरोबर खिडकी उघडण्याची आपली जुनी सवय मात्र हिवाळ्यापुरती मोडायला हवी, कारण धूर सर्वांत दाट असतो तो तेव्हाच. अगरबत्ती आणि डासांची कॉइल बंद खोलीत लावली तर यंत्राची अर्धी ताकद तिथेच जाते. डासांसाठी मच्छरदाणी बरी.

खर्चाकडे येऊ. विजेची भीती लोकांना फार वाटते आणि ती चुकीच्या जागी असते. मधल्या वेगात असे यंत्र २० वॅटच्या आसपास घेते. रोज दहा तास म्हणजे ०.२ युनिट, महिन्याला ६ युनिट. युनिटला ८ रुपये धरले तरी महिन्याला ५० रुपयांच्या आत आणि चार महिन्यांत २०० च्या आत. पैसा जातो तो फिल्टरवर. बाजारात बहुतेक यंत्रांच्या मूळ फिल्टरला दोन-चार हजार लागतात. म्हणून यंत्राची किंमत पाहण्याआधी त्याच्या फिल्टरची किंमत पाहावी, आणि तो फिल्टर आज सुरतेत मिळतो का, की फक्त ‘लवकरच उपलब्ध’ असे लिहून येते, तेही.

फिल्टर किती टिकेल, याचे उत्तर कंपनी महिन्यांत देते. फिल्टर भरतो मात्र मिलिग्रॅमने. यंत्रावरचा लाल दिवा बहुधा फक्त चाललेले तास मोजतो. त्याला खिडकी उघडी होती की बंद, हे कळत नाही. चीनच्या मानकात यासाठी एक चांगले माप आहे: सीएडीआर निम्म्यावर येईपर्यंत फिल्टरने किती मिलिग्रॅम कण गिळले. सर्वांत वरच्या, ‘पी४’ वर्गासाठी ते किमान १२,००० मिलिग्रॅम, म्हणजे १२ ग्रॅम लागते.

आपल्या खोलीत हे घालून पाहू. बंद खिडकी, मधला वेग, आतली हवा सरासरी २५ (रात्रीच्या सुरुवातीला ती जरा जास्त असते). तासाला १७० घनमीटर, दहा तास, घनमीटरला २५ मायक्रोग्रॅम: एका रात्रीत सुमारे ४२ मिलिग्रॅम. १२० रात्रींत ५ ग्रॅम. पी४ फिल्टर दोन हिवाळे काढतो. खिडकी उघडी असेल तर घनमीटरला ६५ प्रमाणे रात्रीला ११० मिलिग्रॅम आणि हिवाळ्यात १३ ग्रॅम. म्हणजे फिल्टर एक हिवाळाही धड पुरत नाही, आणि हवा वाईट ती वाईटच. फिल्टर ३,००० रुपयांचा असेल तर बंद खिडकीने वर्षाला दीड हजार, उघड्या खिडकीने तीन हजारांच्या वर. हा हिशेब अंदाजाचा आहे. प्रयोगशाळेत सिगारेटचा धूर वापरतात आणि सुरतेतली धूळ वेगळी असते. पण कोणत्या बाजूला खर्च वाढतो, हे त्यातून नेमके दिसते.

लूमच्या शेडजवळ राहणाऱ्यांसाठी एक वेगळी गोष्ट. तिथे हवेत कापसाचे आणि पॉलिस्टरचे बारीक तंतू उडत असतात. ते हेपापर्यंत पोचू द्यायचे नसतात. पुढची जाळी आठवड्याला व्हॅक्युमने किंवा मऊ ब्रशने साफ करावी, धुतली तर पूर्ण वाळवून बसवावी. कंपनीने महिन्याला सांगितले असले तरी या वस्तीत आठवडा हाच हिशेब. पावसाळ्यात यंत्र बंद असते तेव्हा फिल्टर आत ठेवून देऊ नये. दमटपणात त्यावर बुरशी धरते आणि नोव्हेंबरात पहिल्याच रात्री कोंदट वास येतो. कोरड्या दिवशी काढून प्लास्टिकच्या पिशवीत हवाबंद ठेवावा.

नव्या यंत्रात बऱ्याचदा घडणारी एक चूक इथे सांगायलाच हवी. फिल्टर यंत्राच्या आतच प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला येतो. पिशवी न काढता महिनोन् महिने यंत्र चालवणारी घरे आहेत. झाकण उघडून पिशवी काढावी. बाहेरून घेतलेला स्वस्त फिल्टर बसवला असेल तर महिन्याने त्याची आतली, स्वच्छ हवेकडची बाजू पाहावी. कडेला राखाडी पट्टा दिसला तर चौकट नीट बसत नाही आणि हवा बगलेतून निसटते आहे. असा फिल्टर कितीही चांगल्या कागदाचा असो, निरुपयोगी.

शेवटी, यंत्र सांगते तेवढे काम करते का, हे घरीच मोजता येते. दोन-तीन हजारांत लेसरवर चालणारे पीएम २.५ मीटर मिळते. यंत्रावरच्या आकड्यावर विसंबू नये, कारण तो सेन्सर यंत्राच्या अंगाशीच असतो. मीटर उशीपाशी ठेवावे. खोली बंद करून अगरबत्ती लावावी, आकडा तीनशेच्या वर गेला की विझवून बाहेर न्यावी, छताचा पंखा मंद ठेवून धूर मिसळू द्यावा. मग प्युरिफायर रोजच्या झोपेच्या वेगावर सुरू करून आकडा ३०० वरून १५० वर यायला किती मिनिटे लागतात ते पाहावे. ४२ ला त्या मिनिटांनी भागले की खोलीतली हवा तासाला एकूण किती वेळा साफ होते ते मिळते. सात मिनिटे लागली तर सहा वेळा. त्यातली साधारण एक फटींची आणि कण आपोआप खाली बसण्याची, पाच यंत्राची. बाहेर धूर फार असेल त्या दिवशी हा प्रयोग करू नये, उत्तर बिघडते. दमट हवेतही ही मीटरे जास्त दाखवतात.

नवा फिल्टर बसवल्यावर हा आकडा आतल्या झाकणावर तारखेसह लिहून ठेवावा आणि दर हिवाळ्याच्या सुरुवातीला, त्याच खोलीत, त्याच वेगावर पुन्हा मोजावा. सातची नऊ मिनिटे झाली तर फिल्टर अजून चालेल. बारा झाली, म्हणजे एकूण साडेतीन वेळा आणि यंत्राच्या पाचाची अडीचच उरली, तर लाल दिवा लागो वा न लागो, फिल्टर बदलायची वेळ झाली.